आधी पाणी, मग वाळवी

बेंगळुराजवळ बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागलेली निपाणीची शिवलीला पुढं वाळवी मारायच्या धंद्यात कशी शिरली, ते तिचं तिलाच नीट सांगता येत नाही. कारखाना बंद पडला, शेजारच्या पेस्ट कंट्रोलच्या ऑफिसात फोन घ्यायला बाई हवी होती, एवढंच. फोन घेता घेता ती साहेबांबरोबर घरं बघायला जाऊ लागली, आणि काही वर्षांनी नवऱ्याला, योगीराजला, ड्रिल मशीन घेऊन देऊन तिनं स्वतःचंच काम सुरू केलं. ड्रिल योगीराज चालवायचा, तोंड शिवलीला चालवायची. दोन्हीचा आवाज साधारण सारखाच, असं शेजारपाजारचे म्हणत.

धंदा बरा चालायचा. आणखी बरा चालला असता, पण शिवलीलाला एक खोड होती. गिऱ्हाईक औषध मारा म्हणून बोलवायचं आणि ही बाई भिंतीला हात लावून म्हणायची, "आधी प्लंबर बोलवा, मग मला."

"अगं, आपण औषधवाले की प्लंबरचे दलाल?" योगीराज स्कूटरवर मागं वळून विचारायचा.

"पुढं बघून चालव," शिवलीला म्हणायची.

एचएसआर लेआउटमधून भीमाचार्यांचा फोन आला तो एका सकाळी. आचार्य कॉलेजात केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेले. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं, त्यामुळं मराठीत कन्नड कधी मिसळतं ते त्यांनाही कळत नसे. फोनवर ते एवढंच म्हणाले, "अम्मा, तुरंत या. बायकोची वीणा धोक्यात आहे."

शिवलीला पोहोचली तेव्हा वीणा दिवाणावर उशीला टेकून पेशंटासारखी पडली होती आणि आचार्यांच्या पत्नी क्षमाक्का तिच्याशेजारी बसल्या होत्या. हॉलच्या कोपऱ्यात, जिथं बाहेरची भिंत आणि न्हाणीघराची भिंत एकमेकींना मिळतात, तिथं लाकडी कपाट होतं. वीणा त्यात असायची. आदल्या दिवशी वीणा शिकायला येणाऱ्या मुली बसल्या असताना क्षमाक्कांनी कपाटाचं दार ओढलं, तर दार बिजागरीसकट हातात आलं. मुली हसल्या. क्षमाक्का नाही हसल्या.

"फणसाच्या लाकडाची वीणा आहे. माझ्या गुरूंची," त्या म्हणाल्या. "हिला काही झालं तर या घरात मी राहणार नाही."

"तिला काही झालेलं नाही," आचार्य म्हणाले. "मी भिंग घेऊन बघितलं."

शिवलीलानं कपाट पुढं ओढलं. मागच्या फळीवर मातीच्या बारीक नळ्या फरशीपासून वर चढल्या होत्या. एक नळी तिनं नखानं फोडली. आत पांढऱ्या किड्यांची पळापळ झाली. स्क्रूड्रायव्हरच्या दांड्यानं तिनं फळी ठोकली, तर रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. मग तिनं हात ठेवला तो मात्र भिंतीवर.

"ओल हाय की सर इथं."

"ओल असेल. आम्हाला वाळवीचं सांगा. दोन वेळा औषध मारून झालंय. दोन्ही वेळा परत आली."

"येणारच की. ही जमिनीतली वाळवी. तिचं अंग इतकं नाजूक की कोरड्या हवेत सुकून जाती. म्हणून तर मातीचे बोगदे बांधून चालती, आत दमटपणा राहावा म्हणून. तुमच्या भिंतीनं तिला पाणी पण दिलं, मऊ लाकूड पण दिलं. जेवायला बसवून वर काठी दाखवली, तर कोण उठून जातंय?"

"मग तुमचं औषध कशासाठी?"

"औषध लागतंय, पण नंतर. मातीत पाणी गळत राहिलं तर औषध पातळ हुतं, वाहून जातं. आधी पाणी थांबवा."

आचार्यांना हे आवडलं नाही. "मी पेस्ट कंट्रोलला बोलावलं आणि हिनं प्लंबिंगवर व्याख्यान दिलं," असं ते बायकोला सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले. पण केमिस्ट्रीचा माणूस. पुरावा हवा म्हणून अडून बसला. शिवलीलाचं म्हणणं होतं की न्हाणीघराच्या भिंतीतला पाइप गळतोय. ते सिद्ध कसं करायचं?

"गच्चीवरच्या टाकीत काठी घालून पाणी मोजा," ती म्हणाली. "पंप बंद ठेवा, कोणी नळ सोडू नका, आणि दुपारभर बाहेर जा."

आचार्यांचे डोळे चमकले. निवृत्तीनंतर त्यांना पहिल्यांदाच प्रयोग मिळाला होता. धोतर खोचून ते गच्चीची शिडी चढले, काठीवर खूण केली, आणि बायकोला घेऊन मारतहळ्ळीला लेकीकडं, निवेदिताकडं, जाऊन बसले. तिथं त्यांचं चित्त लागेना. चहा झाल्याबरोबर "सरी, ठीक, निघू या," म्हणून ते उठले. घरी येऊन काठी बुडवली, तर पाणी खुणेच्या चांगलंच खाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून न्हाणीघराचा व्हॉल्व बंद करून तोच प्रयोग केला. या वेळी पाणी जागचं हललं नाही.

"त्याच लाइनीत आहे!" फोनवर आचार्य इतके खूष होते की जणू गळती त्यांनीच शोधून काढली होती. एका अर्थी काढलीच होती.

प्लंबरनं फरशा फोडल्या. गीझरला जाणाऱ्या पाइपचा सांधा भिंतीच्या आत सुटा होऊन झिरपत होता. सांधा बदलला. काठीची परीक्षा पुन्हा झाली, पाणी जागेवर राहिलं.

"आता भिंत वाळू दे," शिवलीला म्हणाली. "मग आम्ही येतो."

न्हाणीघराकडची भिंत हळूहळू वाळू लागली. बाहेरची भिंत मात्र वाळेना. आठवडे गेले तरी कंबरेच्या खाली रंगाचे पोपडे तसेच, आणि हात लावला की गार. क्षमाक्कांचा धीर सुटत चालला होता. शिकायला येणाऱ्या मुलींना त्या झोपायच्या खोलीत बसवत होत्या, आणि आचार्य त्या वेळी स्वयंपाकघरात हद्दपार.

शिवलीला पुन्हा आली. बघितलं, ठोकलं, हुंगलं, आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडाला कुलूप लागलं. पाइप हेच कारण, असं तिनं छातीठोक सांगितलं होतं. या भिंतीत तर पाइपच नव्हता.

"हवेतला दमटपणा भिंतीवर बसत असेल," ती जरा चाचरत म्हणाली. "खिडकी उघडी ठेवत जावा."

"असेल म्हणजे?" आचार्य उठले. "बघू या की."

स्वयंपाकघरातल्या चकचकीत फॉइलचा तुकडा त्यांनी भिंतीवर ठेवला आणि चारी कडांना चिकटपट्टी लावली. "हवेतलं पाणी असेल तर थेंब बाहेरच्या बाजूला येतील. भिंतीतलं असेल तर आतल्या."

दोन दिवसांनी त्यांनी शिवलीलाला मुद्दाम बोलावून तिच्यासमोर फॉइल सोलली. बाहेरची बाजू कोरडी. आतली ओली. मग त्यांनी पोपड्यामागची पांढरी भुकटी बोटानं खरवडून दाखवली.

"हा लोणा. जमिनीतले क्षार. पाणी खालून वर चढतं, उडून जातं, क्षार मागं राहतात. आणि ओल बघा, कंबरेपर्यंतच आहे, वर नाही. हे पाणी जमिनीतून आलंय, शिवलीलाबाई."

शिवलीला खाली बसून पोपडे बघू लागली. मग एकदम उठून बाहेर गेली. आचार्य तिच्या मागोमाग.

बाहेर भिंतीला लागून क्षमाक्कांचा मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, वाफा होता. सुरेख, भरगच्च. दर वर्षी वर नवी माती आणि खत पडून तो भिंतीवर चांगला गुडघाभर चढला होता. शिवलीलानं खुरपं घेऊन भिंतीलगत उकरलं. मातीच्या बऱ्याच खाली जोत्याची कड सापडली.

"हे बघा. घर बांधताना ओल वर चढू नये म्हणून जोत्यात थर घालतात. तुमचा थर मातीखाली गडप झालाय. त्याला ओलांडून माती सरळ भिंतीला पाणी पाजतिया. आणि अक्का तर रोज सकाळ-संध्याकाळ घालतात."

दोघांनी क्षमाक्कांकडं बघितलं. त्या दारात पाण्याची झारी घेऊन उभ्या होत्या.

"म्हणजे माझ्या वीणेचं कपाट माझ्याच मल्लिगेनं खाल्लं म्हणता?"

"स्वल्प तुमच्या मल्लिगेनं, स्वल्प माझ्या गीझरनं," आचार्य उदारपणे म्हणाले. गीझर त्यांच्या हट्टानं न्हाणीघराच्या भिंतीवर बसला होता. इतके दिवस त्यावरून बोलणी खाल्ल्यावर आज त्यांना जरा बरं वाटत होतं, आणि ते लपत नव्हतं.

 क्षमाक्का झारी खाली ठेवून आत गेल्या. त्या रडायला गेल्या असं समजून आचार्य घाबरले. पण त्या परत आल्या त्या पदर खोचून, कुंड्या घेऊन. "मुळं तुटता कामा नयेत," त्यांनी स्कूटरपाशी थांबलेल्या योगीराजला बजावलं. योगीराजनं आयुष्यात इतकं जपून ड्रिलसुद्धा धरलं नव्हतं. मल्लिगे कुंड्यांत गेली, माती जोत्याच्या कडेच्या खाली उतरली, आणि भिंतीपासून पाणी दूर जाईल असा उतार काढला. आतला कुजका गिलावा खरवडला. मग पंखे लावून सगळे वाट बघत बसले. भिंत वाळवणं हे काम फार कंटाळवाणं असतं, त्यात करण्यासारखं काहीच नसतं. आचार्य मात्र रोज फॉइल लावत होते.

फॉइल दोन्ही बाजूंनी कोरडी निघाली त्या दिवशी त्यांनी फोन केला. "या. तुमची पाळी."

आता योगीराजचं ड्रिल गर्जलं. भिंत आणि फरशी मिळतात तिथं भोकं पाडून त्यानं औषध मातीत सोडलं, भोकं बुजवली. कपाटाची खाल्लेली फळी आणि दार सुतारानं काढून नवं बसवलं, आणि या वेळी कपाट पायांवर, भिंतीपासून हातभर पुढं उभं राहिलं. शिवलीलानं जाता जाता सिंकखालचं कपाटही उघडून बघितलं. तिथं नळाचा एक थेंब पडून प्लायवूड फुगलं होतं आणि खाली पिठासारखी भुकटी साचली होती.

"हे दुसरे पाव्हणे. लाकूड पोखरणारे भुंगे," ती म्हणाली. "यांना पण दमट लाकूडच गोड लागतं."

"आधी वॉशर बदलतो," आचार्य तिला बोलू न देता म्हणाले.

क्षमाक्कांनी वीणा जुळवली आणि सगळ्यांना बसवून वाजवली. शिवलीलाला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ऐकता ऐकता तिला निपाणीच्या शाळेतली प्रार्थना का आठवली, कोण जाणे. निघताना क्षमाक्कांनी तिच्या ओंजळीत मल्लिगे ठेवली. कुंडीतली पहिली फुलं.

पुढं झालं असं की आचार्यांना काठीचा नाद लागला. शेजारच्या अजितकडं चहाला गेले तरी ते आधी भिंतीला हात लावतात, मग कपाला. फिरायला जाताना खिशात फॉइलचा तुकडा असतो. एकदा ते कुणाच्या तरी गच्चीवर न विचारता चढले आणि खालून कुत्रं भुंकत राहिलं. शेवटी अजितनं वैतागून शिवलीलाला फोन केला.

"मॅडम, आमच्याकडं वाळवी नाही. पण एक आचार्य आहेत. त्यांच्यावर काही औषध आहे का?"

शिवलीलानं जरा विचार केला.

"भिंतीला ओल हाय का तुमच्या?"

अजितनं भिंतीला हात लावून बघितला. "...आहे की, जराशी."

"मग ते जायचे न्हाईत," ती म्हणाली, आणि योगीराजला स्कूटर काढायला सांगितली.