सहा नळ्या, एकच हिरवा

सरांवर मी डूख धरून होते, हे आधीच सांगून टाकते. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी त्यांनी मला प्रॅक्टिकलला नापास केलं आणि माझं एक वर्ष गेलं. पुढे मी एम.एस्सी. केलं, सेटची परीक्षा पास झाले, नाशिक रोडहून रोज दुसऱ्या कॉलेजात शिकवायला जाऊ लागले, पण ते वर्ष काही विसरले नाही.

प्रयोग साधा होता. बटाट्यात कॅटालेज नावाचं एन्झाइम असतं. बटाट्याचा रस हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये पडला की फसफसून ऑक्सिजन निघतो. तो नळीवाटे पाण्याने भरलेल्या उपड्या मोजपात्रात घ्यायचा आणि दोन मिनिटांत किती मिलिलिटर जमला ते वाचायचं. लिव्हरने फेस जोरात येतो, पण आमच्या लॅबमध्ये लिव्हर आणायला सरांची बंदी होती. सहा नळ्यांमध्ये चार ते नऊ असे सहा वेगवेगळ्या पीएचचे बफर, म्हणजे पीएच आहे तिथेच धरून ठेवणारी द्रावणं, असतात. आम्लात एन्झाइम झोपतं, सातच्या आसपास सगळ्यात जोरात चालतं, नऊकडे पुन्हा मंदावतं. म्हणजे आलेख डोंगरासारखा यायला हवा.

माझा आला सपाट. चौदा, चौदा, पंधरा, पंधरा, पंधरा, चौदा. मी दोनदा केला, दोन्ही वेळा तेच आलं, तेच लिहिलं. सरांनी वही उचलून सगळ्या बॅचला दाखवली. म्हणाले, "बाईसाहेबांना घरी बसून आकडेसुद्धा जुळवता येत नाहीत." सगळे हसले. सगळ्यांच्या वह्यांत डोंगर होता, कारण तो सगळ्यांनी मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवला होता. मोजपात्राकडे कोणी बघितलंच नव्हतं.

कारण मला फार पुढे, स्वतः शिकवायला लागल्यावर कळलं. सरांच्या लॅबमध्ये बटाटा सात पीएचच्या बफरमध्ये वाटायची पद्धत होती. रस टिकतो, असं त्यांचं म्हणणं. तो रस पाच मिलिलिटर घ्यायचा आणि वर वेगवेगळ्या पीएचचा बफर टाकायचा फक्त एक मिलिलिटर. पाचापुढे एकाचं काय चालणार? सहाही नळ्या सातच्या आसपासच राहणार. बटाटा गार डिस्टिल्ड वॉटरमध्ये वाटून रस थोडा आणि बफर भरपूर घेतला असता, तर डोंगर आपोआप आला असता. हे कळलं त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये एकटीच दात-ओठ खात बसले होते.

आणि मग यंदा मला त्याच कॉलेजवर एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरची परीक्षक, म्हणून पाठवलं. इंटर्नल, कॉलेजचे परीक्षक, तेच सर, निवृत्तीला थोडेच दिवस उरलेले. मला त्यांनी ओळखलं नाही. "या मॅडम, चहा घेणार?" म्हणाले. मी चहा घेतला आणि म्हणाले, "सर, आज कॅटालेज लावू या. पीएच आणि ऑक्सिजन." ते खूश झाले. तो त्यांचा आवडता प्रयोग होता.

बटाटा तसाच वाटून ठेवलेला होता. लॅब असिस्टंटने सरांचा जुना कागद बघून सात पीएचच्या बफरमध्ये वाटला होता. मी एका शब्दाने बोलले नाही. खरं सांगायचं तर मला आतून गुदगुल्या होत होत्या.

तासाभरात दिसायचं ते दिसलं. मोजपात्रात सगळीकडे सारखीच हवा आणि उत्तरपत्रिकांत झकास डोंगर. एका टेबलापाशी मात्र दिंडोरीकडची एक मुलगी थांबली होती. तिने लिहिलं होतं, तेरा, चौदा, चौदा, चौदा, चौदा, तेरा. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. हाच कागद मला हवा होता.

ती वळली. हळूच म्हणाली, "मॅडम, लय सारखंच येतंय. बटाटा साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये वाटून परत करू का? बफर जास्त घालून? मला वाटतं, रसानंच सगळ्यांचा पीएच एक करून टाकलाय."

मला जे कळायला वर्षं लागली, ते या पोरीला टेबलापाशी उभ्या उभ्या कळलं होतं. चाळीस मिनिटं बाकी होती. बटाटे होते, पेरॉक्साइड होतं. पण तिने परत केलं असतं तर तिचाही आलेख डोंगर झाला असता आणि माझ्या हातात सपाट कागद राहिला नसता.

"नाही," मी म्हणाले. "आलं ते लिही आणि दे."

तिने दिलं.

तो कागद मी सरांपुढे ठेवला. माझा अंदाज तसूभरही चुकला नाही. चष्मा वर करून, कागद उंच धरून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "हे कोणाचं? कॅटालेजचे असे आकडे येतात कुठे? घरी बसून जुळवले का?"

"सर, तुम्हीच करून दाखवा," मी म्हणाले. "तुमच्या पद्धतीने. मुलांना बघू दे."

नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी सहा नळ्यांत रस आणि बफर घातला. पेरॉक्साइड घालायच्या आधी मी पीएच पेपरच्या सहा पट्ट्या काढून प्रत्येक नळीत एकेक बुडवली आणि पांढऱ्या टाइलवर ओळीने मांडल्या. सहाही पट्ट्या एकसारख्या हिरव्या. चारची हिरवी, नऊचीही हिरवी. मागून कोणीतरी खुदकन हसलं.

"म्हणजे सर," मी सावकाश म्हणाले, "इतकी वर्षं इथे पीएच बदललाच नाही. आणि ज्यांनी खरं लिहिलं त्यांना तुम्ही नापास करत आलात."

त्यांचा चेहरा पडला. तोंडात मारल्यासारखे उभे होते. मग हातातला पिपेट स्टँडला लावून स्टुलावर बसले. मला वाईट वाटलं नाही. मला बरं वाटलं, इतकं बरं की पंखा लावल्यासारखं अंग गार झालं. मी कोण ते सांगायचंही मला सुचलं नाही, गरजच वाटली नाही.

मग तोंडी परीक्षा. दिंडोरीची मुलगी समोर येऊन बसली. मी मऊ आवाजात विचारलं, "तुझा आलेख सपाट का आला, सांग बरं?" म्हटलं, सोप्पं आहे, पूर्ण मार्क घेऊन जाईल आणि माझं नाव काढेल.

तिने कारण नीट सांगितलं. रसातल्या बफरचं प्रमाण, आम्लात एन्झाइमचा आकार बिघडतो ते, सगळं. डोळे लाल होते, पण आवाज स्थिर होता. सांगून झाल्यावर ती उठली नाही.

"मॅडम, हे सगळं मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं," ती म्हणाली. "वेळ होता, बटाटे होते. तुम्हाला पण माहीत होतं. मग सरांनी माझा कागद सगळ्यांपुढे धरेपर्यंत तुम्ही मला का अडवलं?"

सर शेजारच्याच खुर्चीत बसले होते. त्यांनीही माझ्याकडे बघितलं.

"पुढचा नंबर पाठव," मी म्हणाले.

तिला मी पूर्ण मार्क दिले. जाताना तिने दारात थांबून एकदा माझ्याकडे वळून बघितलं, आणि तिने मला किती वर्षं लक्षात ठेवायचं ठरवलंय, ते माझ्याइतकं कोणालाच कळलं नसतं.