गोड पत्राचा आनंद

भरती विभागातल्या बाईंना ऑफिसात सगळे कात्रीबाई म्हणत, कारण कुणाच्याही पत्रातला फापटपसारा त्या निर्दयपणे छाटायच्या. त्यांना ते नाव आवडायचंही. विभागप्रमुखांना साखरसाहेब म्हणत, पण ते पाठीमागे. या गृहस्थांनी तोंडावर कुणाला 'नाही' म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. याला ते स्वतः माणुसकी म्हणायचे. कात्रीबाईंच्या मते हा शुद्ध भित्रेपणा होता, आणि नुसत्या भित्र्या माणसाला त्या एवढं तुच्छ मानत नसत. हा वर मिरवतही होता.

गोदाम व्यवस्थापकाच्या जागेसाठी शेवटी दोघं उरले. ज्याची निवड झाली त्याने होकार कळवला, आता दुसऱ्याला नकार कळवायचा होता. कात्रीबाईंनी मसुदा केला. साहेबांनी तो 'जरा मऊ' करून परस्पर पाठवून दिला. त्यात तीन परिच्छेद कौतुक होतं आणि शेवटी 'आपलं नातं असंच जुळलेलं राहो'. नकार औषधालाही नव्हता.

दुपारी उत्तर आलं. "मनापासून आभार! रुजू कधी होऊ? आजच इथला राजीनामा देतो."

कात्रीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी तडक फोन लावला.

"राजीनामा दिलात का?"

"लिहून ठेवलाय. आमचे साहेब जेवून आले की देतो."

"देऊ नका. तुमची निवड झालेली नाही. पत्र आमचं चुकलं, मी माफी मागते."

पलीकडून हळूच आवाज आला, "अहो, बायकोला सांगूनसुद्धा झालं माझं."

बाईंनी ओशाळून पुन्हा माफी मागितली. फोन ठेवल्यावर त्यांनी मुलाखतीच्या नोंदी काढल्या आणि नवं पत्र लिहिलं, या वेळी कुणालाही न दाखवता.

"या जागेसाठी आम्ही तुमची निवड केलेली नाही. मालमोजणीची तुमची पद्धत मुलाखत घेणाऱ्या तिघांनाही पटली. कमी पडलं ते एवढंच: माल अडकल्याचा प्रसंग सांगताना तुम्ही सतत 'आम्ही केलं' म्हणालात. तुमचा स्वतःचा निर्णय कोणता, हे दोनदा विचारूनही कळलं नाही. पुढच्या मुलाखतीआधी असे दोन-तीन प्रसंग तयार ठेवा. अडचण काय होती, तुम्ही काय ठरवलंत, त्याने किती फरक पडला, हे सांगा. पुन्हा जागा निघाली तर जरूर अर्ज करा, पण आमच्यासाठी थांबू नका."

संध्याकाळी त्याने लिहिलं, "वाईट वाटलं, पण कळलं. आजवर कुणी कारणच सांगितलं नव्हतं. राजीनामा फाडला."

बाईंनी आपलं नवं पत्र आणि त्याचं उत्तर, अशी दोन्ही पत्रं साखरसाहेबांपुढे ठेवली. ती वाचून ते चुकचुकले.

"फारच कोरडं लिहिलंत हो. माझ्या पत्राने बिचारा निदान खूश तरी झाला होता."

"आणखी तासभर खूश राहिला असता तर त्याची नोकरी गेली असती, साहेब."

साहेबांचा चेहरा उजळला. "बघा! इतका आनंद झाला होता त्याला!"