इंचाला दहा फूट

पेडगावची दैवशाला नऊ वर्षांपासून परभणीत चंद्रभानभाऊंच्या फ्लेक्सच्या दुकानात संगणकावर बसत होती. बारावी झाली, मराठी टायपिंगची परीक्षा दिली आणि चिकटली ती चिकटलीच. साऱ्या तालुक्यातले वाढदिवसाचे, बारशाचे, दशक्रियेचे फ्लेक्स तिच्या हाताखालून गेले. हिशेब तिला तोंडपाठ. वाचणारा जितका लांब, तितकं अक्षर मोठं; दहा फुटांना एक इंच. तोही नुसत्या अक्षराचा, शिरोरेषेपासून खाली. वरची वेलांटी आणि खालचा उकार त्यात धरायचे नाहीत.

तीन महिन्यांपूर्वी वैजीनाथ आला आणि तिच्या सुखात माती कालवली गेली. पोरगा डिझाइनचा कोर्स करून आलेला. भाऊ येता-जाता म्हणायचे, "पोराला नजर हाय." नऊ वर्षांत तिच्या नजरेबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. तो 'ताई, ताई' करत शिकायचा, याचाही तिला संताप यायचा. शिव्या देणारा असता तर बरं झालं असतं, निदान उघड भांडता तरी आलं असतं.

त्यात भाऊ झरीला दुसरं दुकान काढणार होते. ते कुणाच्या हाती द्यायचं हे ठरलं नव्हतं. दैवशालाला ते हवं होतं, अगदी जीव तोडून हवं होतं.

तेवढ्यात डोळे तपासणीच्या मोफत शिबिराचा बॅनर आला. पिंगळी रोडवर लावायचा, दहा बाय आठ. शिबिरवाले सटवाजी काका नऊ पुढाऱ्यांची तोंडं टाकल्याशिवाय ऐकेनात, त्यामुळे वरचा अर्धा भाग तिथंच गेला. उरलेलं वैजीनाथने बसवलं आणि तिच्याकडं आला.

"ताई, तुमी बघितल्याशिवाय मी छापणार न्हाई."

तिने बघितलं. तारीख आणि गाव सहा इंच, बाकीचा मजकूर तीन इंच. तिचं डोकं लगेच पळालं. गाडीवरचा माणूस एका सेकंदात पंचेचाळीस फूट जातो. वाचायला तीन-चार सेकंद लागतात. म्हणजे दीडशे फुटांवरून दिसायला हवं, पंधरा इंच अक्षर हवं. इथं सहा! रस्त्यावरून नुसत्या मुंग्या दिसतील. त्यात वाचणारे म्हणजे मोतीबिंदूवाले.

तिला मनातून गुदगुल्या झाल्या. सांगितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

मागून भाऊंनी विचारलं, "काय गं, बराबर हाय का?"

"एकदम बराबर हाय, भाऊ," ती म्हणाली आणि मशीन सुरू झालं.

पुढचे चार दिवस ती फार गोड वागली. पाचव्या दिवशी दुपारची सुट्टी काढून मुद्दाम पिंगळीच्या रिक्षात बसली. पोराची फजिती तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. अर्ध्या वाटेवर रेल्वेचं फाटक पडलं आणि रिक्षा थांबली. मोटारसायकली, ट्रॅक्टर, उसाच्या गाड्या, सगळं एकामागं एक उभं राहिलं.

बॅनर समोरच होता. फाटकाच्या कडेला, फार तर तीस फुटांवर.

शेजारच्या मोटारसायकलवरचा माणूस मागं बसलेल्या आईला मोठ्यानं वाचून दाखवत होता. आईने त्याला थांबवलं, डोळे बारीक केले आणि स्वतःच तारीख वाचली. मग म्हणाली, "दिसायलंय की मला. जाऊ आपुन."

दैवशालाने मनात हिशेब पुन्हा मांडला. तीस फुटांना तीन इंच. तारीख दुप्पट, अधू डोळ्यांसाठी. पोराने जागा पाहिली होती, पावलं मोजली होती, लोक इथं थांबतात हे हेरलं होतं. आणि तिने नऊ वर्षांत एकदाही बॅनर कुठं लागतो हे जाऊन बघितलं नव्हतं. तिचा नियम बरोबर होता, पण अंतर तिने खुर्चीत बसून ठरवलं होतं. गाडी निघून गेली, फाटक उघडलं, तरी तिचा चेहरा तापलेलाच होता. वैजीनाथ चुकला असता तर किती बरं झालं असतं, असंच तिला अजूनही वाटत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

शिबिराला मरणाची गर्दी झाली. दुसऱ्या दिवशी सटवाजी काका पेढे घेऊन आले. भाऊ खुशीत होते.

"वैजीनाथ म्हणला, इंचाला दहा फूट हे ताईनी शिकवलं. म्हणला, ताईनी बराबर हाय म्हणल्यावरच छापलं. दैवशाला, झरीचं दुकान तूच बघ."

वैजीनाथ मनापासून हसत होता. पेढ्याचा पहिला तुकडा त्याने तिच्याच हातावर ठेवला. आता खरं बोलायला हवं, हे तिला लख्ख कळत होतं. मी 'बराबर' म्हणाले ते तू तोंडघशी पडावास म्हणून, एवढंच तर सांगायचं होतं. तिने तोंड उघडलं.

"भाऊ," ती म्हणाली, "किल्ली कधी देता?"