शिंप्याच्या दुकानातली वीज

गळ्यातल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता आणि अहवालाला आठवडा लागणार होता. घरी मी काहीच सांगितलं नव्हतं. एकट्याने वाट बघवत नव्हती. लष्कर मोहल्ल्यातल्या माझ्या शिंपी मित्राला मोबाइलवर लिहिलं, ‘सवड मिळाली की ये.’ उत्तर आलं, ‘रविवारी सगळ्यांना घेऊन येतो. वहिनींना बिसीबेळे भात करायला सांग.’

चूक माझीच होती, काय हवं ते मी लिहिलंच नव्हतं. पुन्हा लिहिलं, ‘हा आठवडा अवघड आहे. कारण आत्ता सांगवत नाही. दुपारी एकटाच येऊन बसशील? विचारू नकोस, समजावू नकोस. जमणार नसेल तर तसं सांग, राग नाही.’

‘आयतु, येतो,’ त्याने कन्नडमिश्रित होकार कळवला. ‘काजं करायची आहेत, ती आणतो.’

तो रोज आला. हिने विचारलं तेव्हा म्हणाला, ‘वहिनी, दुकानात वीज नाही.’ मग खिडकीशी बसून मुकाट्याने काजं करायचा.

शेवटी दवाखान्याचा फोन वाजला. माझा हात पुढे होईना. त्याने सुई कापडात खोचली आणि शेजारी येऊन बसला. मग मी फोन घेतला. गाठ साधी होती.

ही अजून त्या आठवड्यातल्या विजेला नावं ठेवते. दुकानात वीज होती. तिला सांगायचं राहिलं, म्हणून इथे लिहितो आहे.