माऊसताईचं पत्र

तिचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. आईचा उजवा हात आणि पाय लकव्यानं गेलेला. तिला उठवायचं, अंघोळ घालायची, वेणी घालायची, दुपारचं जेवण डाव्या हाताला येईल असं ठेवायचं आणि सव्वासातला शाळेत हजर. शाळा साडेसातला भरायची. मधल्या पंधरा मिनिटांत ती कॉम्प्युटरच्या खोलीतली बावीसही मशीन चालू करून बघायची. कोणतं बिघडलंय ते मुलांच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे, असं तिचं म्हणणं.

मी त्या शाळेत अठ्ठावीस वर्षं वायरमन होतो. काम सुरू होण्याआधी काम तपासणारी माणसं फार पाहिली नाहीत. ही एक पाहिली.

मुलं तिला माऊसताई म्हणायची. कागदावर ती लॅब सहायक, तीही कंत्राटी.

मशीन जुनीच आली होती, कुठल्याशा कचेरीनं काढून टाकलेली, आतून कोरी. त्या दिवशी मी खोलीत शिडीवर होतो, पंखा उघडून. मुख्याध्यापक आले आणि तिच्या हातात पेनड्राइव्ह दिला.

"यात सगळं आहे. टाका बावीसवर."

"सर, याचं लायसन?"

"अहो, अख्खं जग हेच वापरतं. आपण काय वेगळे आहोत? टाका."

तिनं टाकलं.

पुढे दीड वर्ष ती सॉफ्टवेअरच्या त्या चोरीच्या प्रतींशी झगडली. पडद्याच्या कोपऱ्यात 'ही प्रत अस्सल नाही' असं यायचं. ते घालवायला जो प्रोग्राम चालवायचा, तो चालवण्याआधी व्हायरस अडवणारा पहारेकरी बंद करावा लागायचा. इंटरनेटवरून कंपनीच्या दुरुस्त्या आल्या की ती सूचना परत यायची, म्हणून त्याही बंद. म्हणजे दाराचं कुलूप काढायचं आणि वर चोर येतात म्हणून रडायचं. मुलांच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस यायचा आणि बावीस मशीनवर फिरायचा. एकदा दहावीच्या सगळ्या प्रकल्पांच्या फायली गेल्या. मुली रडल्या. माऊसताईनं रविवारी येऊन निम्म्या परत मिळवल्या. उरलेल्या निम्म्यांबद्दल मुलींची माफी मागितली. चूक तिची नव्हती.

त्यानंतर तिनं सात नंबरचं मशीन कोपऱ्यात घेतलं आणि त्यावर लिनक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवून पाहिलं. आधी नुसतं पेनड्राइव्हवरून, आतल्या डिस्कला हात न लावता. प्रिंटर लगेच चालला. स्कॅनर चालला नाही. चाललं नाही तेही तिनं वहीत लिहिलं.

"फुकट आहे म्हणतेस, मग हेही चोरीचंच की," मी म्हणालो.

"नाही काका. बनवणाऱ्यांनीच लिहून दिलंय, वापरा, वाटा, आत उघडून बघा, बदला."

"आणि त्यांचं पोट?"

"काहींना कंपन्या पगार देतात. काही हौसेनं करतात. तुम्ही नाही का शेजारणीचा फ्यूज फुकट बसवून देत?"

"चहा घेतो मी."

"मग तेवढं त्यांचं राहिलंच," ती म्हणाली.

महिनाभर तपासून तिनं मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं. मला वाचायला दिलं. दोन पानं, एकही शब्द फुगवलेला नाही. सध्याच्या प्रती विनापरवाना आहेत, त्या मीच टाकल्या आहेत. त्याऐवजी लिनक्स आणि त्यावरचं मुक्त सॉफ्टवेअर टाकावं. लिहिणं, हिशेबाचे तक्ते, चित्रं, टायपिंग सगळं त्यात होतं. जुन्या फायली उघडतात, थोड्यांची मांडणी हलते. पाठ्यपुस्तकातली पडद्याची चित्रं जुळणार नाहीत, म्हणून शिक्षकांना पंधरा दिवस सराव लागेल. ऑफिसातला फीचा प्रोग्राम यावर चालत नाही, त्या एका मशीनसाठी रीतसर प्रत विकत घ्यावी. बाकीचं काम मी सुट्टीत करीन, वेगळे पैसे नकोत.

"'मीच टाकल्या' कशाला लिहितेस?" मी विचारलं.

"मीच टाकल्या ना."

"कोणी सांगितलं तेही लिही मग."

"सरांना सरांविरुद्ध पत्र कसं लिहू, काका? त्यांना माहीतच आहे."

ते पत्र ती मुख्याध्यापकांच्या हातात देऊ शकली असती. त्यांनी ते खणात टाकलं असतं आणि विषय संपला असता. पण ती मोठ्या क्लार्कच्या टेबलाशी गेली.

"आवक शिक्का मारा," म्हणाली.

"बाई, घरातलं पत्र आहे. शिक्का कशाला?"

"शिक्का असला की विसरलं जात नाही."

क्लार्कनं शिक्का मारला, रजिस्टरात नोंद केली. कामाच्या माणसाला वाटतं, काम नोंदलं की पक्कं झालं. तिथंच ती चुकली.

मुख्याध्यापकांनी तिला बोलावलं. पत्र मागे घ्या म्हणाले. रजिस्टरात गेलेलं मागे कसं घेणार, ती म्हणाली, तुम्ही उत्तर द्या ना सर, हो किंवा नाही. त्यांनी कोणतंच दिलं नाही.

चार महिन्यांनी शिक्षण खात्याची तपासणी आली. तपासनीस बाईंनी आवक रजिस्टर चाळलं. बोट त्या नोंदीवर थांबलं. "उत्तर गेलेलं दिसत नाही?"

संस्थेनं चौकशी लावली. शिक्षकांच्या खोलीत तीन माणसं बसली. मुख्याध्यापक म्हणाले, मला हे त्या पत्रातूनच कळलं. तिनं परस्पर टाकल्या, स्वतःच लिहून दिलंय.

तिनं सांगितलं, सरांनी पेनड्राइव्ह दिला तेव्हा वायरमनकाका खोलीत होते.

मला बोलावलं. निवृत्तीला माझे चौदा महिने राहिले होते.

"काही ऐकलंत?"

"मी शिडीवर होतो," मी म्हणालो. "पंख्याचा आवाज होता. ऐकू आलं नाही."

तिघांनीही लिहून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात ती उभी होती. आवाज चढवला नाही. "काका, पंखा तर तुम्ही उघडला होता ना?" एवढंच म्हणाली आणि घंटा झाली म्हणून वर्गाकडे गेली.

निकाल असा लागला. चोरीच्या प्रती काढायच्या, मुक्त सॉफ्टवेअर टाकायचं. लॅब सहायकाचं कंत्राट महिन्याच्या नोटिशीनं संपवायचं. आणि फीच्या मशीनखेरीज आणखी रीतसर प्रत घ्यावी लागली तर तिचा खर्च जबाबदार व्यक्तीकडून वसूल करायचा.

पण टाकणार कोण? दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. तिलाच सांगितलं. मी तिच्या जागी असतो तर पाना खाली ठेवून निघून गेलो असतो. तिनं आधी मुलांच्या फायली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या, उघडतात का ते एकेक करून पाहिलं, मगच मशीन पुसली. रोज शाळा सुटल्यावर दोन. बावीस झाली तेव्हा नोटिशीचे चार दिवस उरले होते. त्यात तिनं नव्या येणाऱ्या माणसासाठी वही लिहिली. कोणत्या मशीनची कोणती खोड, सगळं. स्कॅनरसुद्धा चालवून दाखवला.

मी वायरी बांधून देत होतो. आम्ही कामापुरतं बोललो. मी एकदा "चहा?" विचारलं. "नको काका," म्हणाली.

लॅब अजून लिनक्सवर चालते. संस्थेच्या अहवालात लिहिलंय, मुख्याध्यापकांच्या पुढाकारानं शाळा शंभर टक्के कायदेशीर. ती आता एका फोटोकॉपीच्या दुकानात बसते. दिवस पावणेपाचलाच सुरू होतो, आई आहेच.

तिच्या पत्रात ऑफिसासाठी एकच प्रत मागितली होती. संस्थेनं दोन घेतल्या. फीच्या मशीनची संस्थेच्या खर्चानं. दुसरी मुख्याध्यापकांच्या केबिनमधली. त्यांना नवं शिकायचं नव्हतं, नेहमीचंच हवं होतं. त्या दुसरीचे पैसे माऊसताईच्या शेवटच्या पगारातून कापून घेतले. त्या प्रतीचा खोका मीच उघडला, मशीन मीच जोडून दिलं. पंखा चालू होता.