नाही म्हणायची जागा

बदली होऊन अमरावतीच्या कॉलेजात शिकवायला आले तेव्हा नवरा अकोल्याला राहिला, त्याची वकिली तिथली. सोमवारी पहाटे एसटीने यायचं, शनिवारी नाहीतर रविवारी परत जायचं. मधल्या संध्याकाळी भाड्याच्या खोलीत पंख्याशी बोलायचं. पन्नाशीत नवीन शहरात माणसं जोडायची म्हणजे वैताग असतो, आणि मला तर आधीच थकवा आला होता.

उन्हाळ्यात पेपर तपासणीला भातकुलीच्या कॉलेजातली एक मॅडम माझ्या शेजारी बसायची. राहायला अमरावतीतच. फार बोलायची नाही. पण एका पोराने उत्तरपत्रिकेत ‘सर, पास करा, लग्न ठरलं आहे’ असं लिहिलेलं आम्ही दोघींनी एकदमच वाचलं आणि हसू आवरेना. त्या हसण्यावर मी कितीतरी दिवस काढले. तपासणी संपली, नंबर घेतले, आणि मला वाटू लागलं की हिच्याबरोबर एकदा निवांत कॉफी प्यावी. मला या गावात कुणीतरी हवं होतं, एवढंच.

एका संध्याकाळी मी तिला मेसेज लिहिला: ‘मॅडम, या रविवारी मी इथेच आहे, माझ्या घरी यायचंच. नाही म्हणायचं नाही. जेवूनच जायचं. मी वाट पाहते.’ आपल्याकडे बोलावतात ते असंच. आग्रह केला नाही तर वरवरचं बोलावणं वाटतं. पाठवण्याआधी फोन लावून तो अकोल्याच्या बहिणीला वाचून दाखवला.

ती म्हणाली, “हे बोलावणं होय का तहसीलची नोटीस? त्या बाईले नाही म्हणायले जागा ठेवली का कुठं?”

मला राग आला. पण फोन ठेवल्यावर तपासणीतल्या जेवणाच्या सुट्टीतलं त्या मॅडमचंच बोलणं आठवलं. तिच्या सासूबाईंना हल्ली काही आठवत नाही, एकटं ठेवता येत नाही. डबा उघडता उघडता ती म्हणाली होती, “बोलावणं आलं का मले धसका बसते. नाही म्हणावं तं कारण सांगा. कारण सांगितलं तं लोक त्यावर इलाज सांगतात. म्हणतात, सासूबाईलेबी घेऊन या.”

मेसेज पुसला. मग लिहिलं, ‘कधीतरी भेटू या.’ हे फारच हलकं झालं. कधीतरी म्हणजे कधीच नाही, हे दोघींनाही कळतं. उलट कधी, कुठे, किती वेळ, ते ठरवायचं ओझं तिच्यावरच पडणार. तेही पुसलं. त्यानंतरच्या मसुद्यात मी ‘मला फार एकटं वाटतं’ असं लिहून बसले. ते खरं होतं. पण ते वाचून कोणती बाई नाही म्हणेल? कीव येऊन आलेली माणसं मला नको होती.

शेवटी हे गेलं: ‘मॅडम, शनिवारी पाच वाजता बसस्टँडसमोरच्या हॉटेलात कॉफी घ्यायची का? अर्धा तास. माझी अकोल्याची गाडी नंतरच आहे, त्यामुळे मी तशीही तिथे असेन. नाही जमलं तर फक्त “नाही” लिहा, कारण नको.’

पाठवलं आणि लगेच पस्तावले. इतकं सोपं करून दिल्यावर कोण येणार?

उत्तर आलं: ‘नाही.’

एवढंच. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मीच मागितलं होतं आणि मिळाल्यावर गिळवत नव्हतं. ‘काही अडचण आहे का?’ असं टाइप केलं. मग माझंच ‘कारण नको’ वर दिसलं, आणि फोन पालथा ठेवला. शनिवारी एकटीने कॉफी घेतली. कॉफी गोड होती, नको तेवढी.

पुढच्या आठवड्यात तिचा मेसेज आला: ‘त्या दिवशी नुसतं नाही म्हटलं आणि तुम्ही काही विचारलं नाही. किती दिवसांनी असं झालं. या शनिवारी मी येऊ शकते. पाच, तिथेच. तुमचंही नसेल जमत तर कारण नको.’

नेमका त्या आठवड्यात मला ताप होता. अंग ठणकत होतं, अकोल्याला जायचंही त्राण नव्हतं. तरी आधी वाटलं, जावंच. हातातली संधी घालवायची कशी? ‘येते’ लिहिलं. मग ते पुसून ‘नाही’ लिहिलं आणि पाठवून दिलं. तिकडून अंगठा आला, मागून हसरा चेहरा.

आमची कॉफी अजून व्हायची आहे. ताप उतरेपर्यंत मी निजून राहिले. खोली तीच, पंखा तोच. पण या गावात आता एक माणूस असं आहे की ज्याला मी नाही म्हणू शकते.