शून्य चुका

मुलं त्यांना मायनसबाई म्हणत. क्लासमध्ये भौतिकशास्त्राचे सराव प्रश्न त्याच काढायच्या, एकोणीस वर्षं. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा, सोडलं तर शून्य. बरोबर उत्तर काय, कोणीही लिहील. त्यांची हातोटी चुकीच्या तीन पर्यायांत होती. वर्ग करायला विसरलेल्याला त्याचं चुकलेलं उत्तर पर्यायांत सापडायचं, एकक न बदलणाऱ्यालाही. मुलं फसायची, चरफडायची आणि शिकायची.

त्या चाचणीत एक साधा प्रश्न होता: गाडीचा वेग दुप्पट झाला, ब्रेक तेवढाच, तर थांबेपर्यंतचं अंतर किती पट? चौपट. छपाईच्या आदल्या दिवशी बाईंनी पर्यायांचा क्रम बदलला, उत्तरसूचीतलं अक्षर मात्र तसंच राहिलं. सूचीत ‘दुप्पट’ बरोबर ठरलं.

निकालाच्या दिवशी एक अबोल मुलगी पेपर घेऊन आली. पाचशे सदतीस गुण. वरच्या तुकडीला पाचशे चाळीस लागत होते.

“मॅडम, हे चौपटच ना?”

बाईंनी सूची काढून पाहिली. चार गेले, वर एक कापला; पाच गुणांचा फटका. त्या तडक संचालकांकडे गेल्या.

“तुकड्यांची यादी लागलीय,” ते म्हणाले. “आता बदलली तर पालक रोज सूची तपासायला बसतील. एका प्रश्नाचं काय घेऊन बसलात?”

“चूक माझी आहे, सर. तिची नाही.”

“मग पुढच्या वेळी नीट बघा.”

बाईंनी मुलीला सांगितलं, “उत्तर तुझंच बरोबर होतं, पण यादी बदलत नाहीत.” मुलीने मान हलवली. आपण आणखी भांडायला हवं होतं, हे बाईंना कळत होतं. पण त्या भांडल्या नाहीत. नोकरी होती.

खऱ्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागल्यावर मुलगी पुन्हा आली. बरोबर एकशे एकतीस, चूक शून्य, सोडलेले एकोणपन्नास. प्रवेशाची आशा संपली होती.

“चूक एकही नाही, मॅडम,” ती म्हणाली. त्यात अभिमान नव्हता.

बाई प्रश्नपुस्तिका चाळू लागल्या. सोडलेल्यांपैकी चौतीस प्रश्नांशेजारी कच्चं काम होतं, शेवटी उत्तराला गोल. त्यांनी एकेक तपासलं. एकोणतीस बरोबर, पाच चूक. एकशे अकरा गुण मार्जिनमध्येच पडून होते.

“अगं, सोडवलं होतंस! मग उत्तरपत्रिकेत भरलं का नाहीस?”

“वाटलं, बरोबर असूनही चूक निघेल. मागे निघालं होतं ना.”

मुलीने पुस्तिका पिशवीत ठेवली, “येते,” म्हणाली आणि जिना उतरून गेली.

दारातून शिपायाने हाक मारली, नव्या तुकडीच्या चाचणीची उत्तरसूची हवी होती. बाईंनी ती दोनदा तपासली, तिसऱ्यांदा तपासली, आणि सही करून दिली.